ब्रिटनमध्ये कर कापलेले पेन्शन आणि आयकर अधिकाऱ्याची विचारणा

वाचकाचे पत्र

मी ब्रिटनमध्ये एका खासगी जहाज-दुरुस्ती कंपनीत अनेक वर्षे नोकरी करून 10 जून 2019 रोजी गुहागरला कायमचा परतलो. वय 63 आहे, पासपोर्ट ब्रिटिश असून ओसीआय कार्ड आहे. कंपनीच्या पेन्शन योजनेतून महिन्याच्या 28 तारखेला 1,500 पौंड मंजूर होतात, त्यातून तिथला कर वजा होऊन उरलेली रक्कम माझ्या ब्रिटनमधील बँक खात्यात जमा होते आणि ती मी दर महिना-दोन महिन्यांनी रत्नागिरीच्या बँकेत मागवतो. कर तिकडे भरलेला असल्याने येथे ही रक्कम दाखवली नाही. आर्थिक वर्ष 2023-24 साठी सुमारे 3 लाख रुपयांचे ठेवींचे व्याज दाखवून आयटीआर-1 वेळेत भरला. आता छाननीच्या नोटिशीपाठोपाठ कलम 142(1) ची विचारणा आली आहे: ब्रिटनमधील बँक खात्याची माहिती त्या देशाकडून मिळाली आहे, त्या खात्यात येणारे पैसे कसले, आणि परदेशी उत्पन्न व मालमत्ता विवरणपत्रात का दाखवली नाही? एकाच पैशावर दोनदा कर भरायचा का, आणि उत्तर काय द्यायचे?

— एक वाचक, गुहागर

उत्तर

महोदय,

दोनदा कर भरायचा नाही. मात्र भरण्याची जागा भारत आहे, ब्रिटन नव्हे, आणि आपल्याकडून झाले ते नेमके उलटे. आपल्या प्रकरणातील हा गाभा एकदा लक्षात आला, की अधिकाऱ्याला काय लिहायचे हे त्यातूनच ठरते.

भारत आणि ब्रिटन यांच्यातील दुहेरी कर टाळण्याच्या कराराचे कलम 20 असे सांगते, की सरकारी सेवेचे पेन्शन वगळता इतर कोणतेही पेन्शन, ते घेणारी व्यक्ती ज्या देशाची निवासी असेल, केवळ त्याच देशात करपात्र असेल. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पगार, व्याज किंवा लाभांश यांच्यावर करारानुसार दोन्ही देश कर लावू शकतात आणि मग एका देशात भरलेल्या कराची सूट दुसऱ्या देशात मिळते. खासगी नोकरीच्या पेन्शनचे तसे नाही. आपण भारताचे निवासी झालात त्या दिवसापासून या पेन्शनवर कर लावण्याचा ब्रिटनचा हक्क करारानेच संपला. तरीही कर कापला जात राहिला, कारण पेन्शन योजनेचा व्यवस्थापक स्वतःहून करार वाचत नाही. ब्रिटनच्या करखात्याने दिलेल्या कर-संकेतानुसार तो दरमहा कपात करतो, आणि आपण देश सोडून दुसऱ्या देशाचे निवासी झालात हे त्या खात्याला कोणी रीतसर कळवलेलेच नाही.

येथे एक चूक फार सहज होते आणि ती काही सनदी लेखापालही करतात. परदेशात कर कापला आहे ना, मग फॉर्म 67 भरा आणि तेवढे क्रेडिट भारतीय करातून वजा करा, असा सल्ला आपल्याला मिळेल. परंतु क्रेडिट देणारे कराराचे कलम 24 हे ब्रिटनच्या कायद्याखाली ‘आणि या करारातील तरतुदींना अनुसरून’ भरलेल्या कराबद्दलच बोलते. ज्या कराचा ब्रिटनला हक्कच नव्हता, तो करारानुसार भरलेला कर होत नाही. त्यामुळे अधिकाऱ्याने ते क्रेडिट नाकारले तर त्याच्यापाशी भक्कम आधार असतो, आणि आपण मात्र भलत्याच खिडकीवर भांडत बसतो. ब्रिटनने चुकून घेतलेले पैसे ब्रिटनकडूनच परत मागायचे असतात. त्याची रीत पुढे सांगतो.

आता आपल्या निवासी दर्जाकडे वळू, कारण वर लिहिलेले सारे त्यावर उभे आहे. नागरिकत्वाचा येथे संबंध नाही. ब्रिटिश पासपोर्ट असूनही वर्षभर गुहागरात राहणारा माणूस आयकरासाठी भारताचा निवासीच असतो. मात्र दीर्घकाळ परदेशी राहून परतणाऱ्याला कायदा सुरुवातीची काही वर्षे ‘निवासी, पण सामान्य निवासी नाही’ असा मधला दर्जा देतो. आधीच्या 10 वर्षांपैकी 9 वर्षे अनिवासी असल्यास, किंवा आधीच्या 7 वर्षांत भारतातील एकूण वास्तव्य 729 दिवसांपेक्षा अधिक नसल्यास, हा दर्जा मिळतो. या काळात परदेशात उगम पावलेले आणि परदेशातच हाती आलेले पेन्शन भारतात करपात्र नसते. आपले पेन्शन आधी ब्रिटनमधील खात्यात जमा होते आणि नंतर इकडे येते, ही गोष्ट त्या वर्षांपुरती आपल्या पथ्यावर पडते. तेच पेन्शन थेट रत्नागिरीच्या खात्यात आले असते, तर ते भारतात प्राप्त झालेले उत्पन्न ठरून तेव्हाही करपात्र झाले असते.

2019-20 आणि 2020-21 या दोन वर्षांत पहिल्या कसोटीने आपण या मधल्या दर्जात बसता. 2021-22 साठी दिवस मोजावे लागतील. 10 जून 2019 ते 31 मार्च 2020 हे 296 दिवस आणि पुढचे पूर्ण वर्ष 365 दिवस मिळून 661 होतात. म्हणजे एप्रिल 2014 ते परतण्याचा दिवस या काळात आपण गणपतीला, लग्नकार्याला किंवा आणखी कशाला भारतात आलात त्या साऱ्या फेऱ्यांचे दिवस मिळून 68 पर्यंत असतील, तर 2021-22 सुद्धा सुटते. जुन्या पासपोर्टावरचे शिक्के काढून हा हिशेब कागदावर मांडून ठेवावा. 2022-23 पासून मात्र आपण निःसंशय सामान्य निवासी आहात, आणि विचारणा ज्या 2023-24 ची आहे त्या वर्षाबद्दल दर्जाचा वाद घालण्यात अर्थ नाही.

आता रक्कम. खात्यात पडलेली रक्कम नव्हे, तर कर कापण्यापूर्वीचे पूर्ण पेन्शन हे आपले उत्पन्न आहे. दरमहा 1,500 प्रमाणे वर्षाचे 18,000 पौंड. ब्रिटनमध्ये 12,570 पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असून त्यावरील 5,430 पौंडांवर 20 टक्के दराने 1,086 पौंड कापले गेले असणार. आपल्या पी-60 या वार्षिक दाखल्यावर याच्या आसपासचा आकडा दिसेल. ब्रिटनचे करवर्ष 6 एप्रिलला सुरू होते आणि आपले 1 एप्रिलला, त्यामुळे एरवी पी-60 चा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. महिन्याच्या 1 तारखेला पेन्शन घेणाऱ्याचा एप्रिलचा हप्ता ब्रिटनमध्ये मागच्या वर्षात पडतो आणि भारतात चालू वर्षात. आपले पेन्शन 28 तारखेला मिळते, म्हणून एप्रिल 2023 ते मार्च 2024 हे बाराही हप्ते दोन्ही देशांच्या एकाच वर्षात बसतात आणि पी-60 आपल्याला सरळ वापरता येतो.

पौंडांचे रुपये करताना बँकेने आपल्या खात्यात जमा करताना लावलेला दर चालत नाही. आधीच्या नोकरीबद्दल मिळणारे पेन्शन आयकर कायद्यात ‘पगार’ या शीर्षाखाली येते, आणि पगारासाठी नियम 115 असा आहे, की ज्या महिन्याचे पेन्शन असेल त्याच्या आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी स्टेट बँकेचा परकीय चलन खरेदीचा जो टीटी बाइंग रेट असेल, तो लावायचा. म्हणजे एप्रिल 2023 च्या हप्त्याला 31 मार्च 2023 चा दर, मेच्या हप्त्याला 30 एप्रिलचा, याप्रमाणे बारा दर लागतील. बँकेच्या संकेतस्थळावर सामान्यतः त्या त्या दिवसाचाच तक्ता असतो, त्यामुळे जुने दर शाखेकडून लेखी मागून घ्यावेत किंवा आपल्या सीएकडे साठवलेले तक्ते असतील तर त्यांच्या प्रती घ्याव्यात, म्हणजे अधिकाऱ्याने आधार विचारला तर तो हाताशी राहील.

हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून सरासरी दर 100 रुपये धरतो. प्रत्यक्षात आपले बारा दर लावून आकडा थोडा बदलेल. पूर्ण पेन्शन 18,00,000 रुपये, त्यात व्याज 3,00,000, आणि पगार-पेन्शनवर त्या वर्षी मिळणारी 50,000 रुपयांची प्रमाणित वजावट काढली, तर करपात्र उत्पन्न 20,50,000 रुपये होते. 2023-24 च्या नव्या करप्रणालीच्या टप्प्यांनी यावर 3,15,000 रुपये कर आणि 4 टक्के उपकर 12,600 रुपये, असे एकूण 3,27,600 रुपये बसतात. ब्रिटनमध्ये गेलेले 1,086 पौंड म्हणजे साधारण 1,08,600 रुपये. ते यातून वजा होणार नाहीत. ते तिकडून परत येतील.

आता मुख्य प्रश्न, उत्तराचा. विचारणा आल्यावर घाईघाईने नवे विवरणपत्र भरून टाकावे असे वाटणे साहजिक आहे, पण 2023-24 पुरते ते दार बंद झाले आहे. सुधारित विवरणपत्राची निवासी व्यक्तींसाठी वाढवलेली मुदतही 15 जानेवारी 2025 ला संपली. जास्तीचा कर भरून दाखल करायचे अद्ययावत विवरणपत्र दोन कारणांनी चालणार नाही. एक, त्या वर्षाची छाननी सुरू असताना ते भरता येत नाही. दोन, दुहेरी कर कराराखाली परदेशातून मिळालेली माहिती करदात्याला कळवली गेली, की त्या वर्षापुरता तो मार्ग आपोआप खुंटतो, आणि आपल्या विचारणेत अधिकाऱ्याने नेमके तेच कळवले आहे. म्हणून आपले उत्तर हेच आपले प्रकटीकरण आहे. ते अर्धे-मुर्धे नसावे.

छाननी आता चेहराविरहित पद्धतीने होते; समोर कोणी अधिकारी बसलेला नसतो, संकेतस्थळाच्या e-Proceedings या भागातून लेखी उत्तर आणि कागद चढवायचे असतात. त्यामुळे कागदावर जे नाही ते कोणाला समजावून सांगता येत नाही. दिलेल्या मुदतीत कागद जमणार नसतील तर मुदत संपण्यापूर्वीच त्याच ठिकाणी मुदतवाढ मागावी. गप्प राहू नये. उत्तराचा मजकूर साधारण असा असावा:

“मी 10 जून 2019 रोजी भारतात कायमचा परतलो असून आर्थिक वर्ष 2023-24 मध्ये निवासी व सामान्य निवासी आहे. विचारणेत नमूद केलेले बँक खाते माझे आहे. त्यात जमा होणारी रक्कम ही माझ्या पूर्वीच्या खासगी मालकाच्या पेन्शन योजनेतून मिळणारे पेन्शन आहे; अन्य कोणतीही रक्कम त्यात जमा झालेली नाही. या वर्षाचे पूर्ण पेन्शन 18,000 पौंड असून त्यातून 1,086 पौंड कर ब्रिटनमध्ये कापला गेला. तेथे कर कापला गेल्याने ही रक्कम भारतात दाखवण्याची आवश्यकता नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. करारातील कलम 20 पाहता हे पेन्शन भारतातच करपात्र आहे हे मला मान्य आहे. नियम 115 नुसार रुपयांतील रक्कम सोबतच्या तक्त्यात दिली असून ती ‘पगार’ शीर्षाखाली उत्पन्नात मिळवण्यास माझी संमती आहे. ब्रिटनमध्ये कापलेल्या कराचे क्रेडिट मी मागत नाही; तो परत मिळण्यासाठी तेथील करखात्याकडे स्वतंत्र अर्ज करीत आहे. देय कर भरला असून चलन सोबत जोडले आहे.”

‘अन्य कोणतीही रक्कम जमा झालेली नाही’ हे वाक्य खात्याचा संपूर्ण उतारा ओळ न ओळ तपासल्याशिवाय लिहू नये. जुन्या मित्राने परत केलेले उसने पैसे, विम्याचा परतावा, खात्यावर पडलेले चार-सहा पौंड व्याज, असे काही निघाले तर तेही वेगळे दाखवावे. व्याज करपात्र आहे, उसने परत आलेले पैसे नाहीत, पण दोन्हींचा उल्लेख हवा.

सोबत जो तक्ता जोडायचा त्यावर वेळ घालवावा, कारण प्रकरण तिथेच निवळते किंवा चिघळते. परदेशातून येणारी खात्याची माहिती बहुधा कॅलेंडर वर्षाची असते, म्हणजे 31 डिसेंबरची शिल्लक आणि जानेवारी ते डिसेंबरचे व्याज. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आणि रत्नागिरीच्या बँकेत दोन महिन्यांचे पैसे एकदम, त्या दिवशीच्या दराने, बँकेचा खर्च वजा होऊन आलेले. अधिकाऱ्यापुढचा आकडा, आपल्या पासबुकातला आकडा आणि नियमाने काढलेला आकडा हे तिन्ही एकमेकांशी जुळणार नाहीत, आणि न जुळणारा आकडा म्हणजे लपवलेला पैसा असा संशय चटकन येतो. म्हणून दर महिन्याची एक ओळ करावी: पूर्ण पेन्शन, कापलेला कर, खात्यात पडलेली निव्वळ रक्कम, नियमाप्रमाणे दर, रुपयांतील उत्पन्न, आणि शेवटी ती रक्कम भारतात कोणत्या तारखेला किती आली. एप्रिलची ओळ अशी दिसेल: 1,500 पौंड, कर सुमारे 90, निव्वळ सुमारे 1,410, 31 मार्च 2023 चा दर, पुढे 1,500 गुणिले तो दर. गुणाकार 1,410 चा करायचा नाही. ही चूक तक्त्यात सर्वाधिक आढळते आणि तीमुळे निम्मी कबुली दिल्यासारखे होते. पी-60, महिन्याच्या पेन्शन पावत्या, दोन्ही बँकांचे उतारे, योजनेचे आपल्याला पेन्शन मंजूर झाल्याचे पत्र आणि पासपोर्टाच्या प्रती एवढे कागद पुरेत.

खात्याच्या प्रकटीकरणाचा प्रश्न उत्पन्नापेक्षा निराळा आहे आणि त्याची धार अधिक तीक्ष्ण आहे. सामान्य निवासी माणसाने परदेशातील बँक खाते, त्यात एक पौंड असला तरी, विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचे असते. आयटीआर-1 मध्ये हा तक्ताच नाही. म्हणूनच परदेशी खाते असणाऱ्या निवासी व्यक्तीला तो फॉर्म वापरण्याची मुभा नाही आणि आयटीआर-2 भरावा लागतो. न दाखवल्यास काळ्या पैशाविरुद्धच्या 2015 च्या कायद्याखाली वर्षाला 10 लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. त्यातून लहान खात्यांना सूट आहे: वर्षभरात खात्यांतील एकूण शिल्लक कधीही 5 लाख रुपयांवर गेली नसेल तर हा दंड लागत नाही, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून ही मर्यादा स्थावर वगळून इतर मालमत्तेसाठी 20 लाख करण्यात आली आहे. आपण दर महिना-दोन महिन्यांनी पैसे इकडे मागवता, तेव्हा खात्यात एका वेळी तीन हजार पौंडांच्या आसपासच रक्कम राहिली असेल, म्हणजे जुन्या 5 लाखांच्या मर्यादेतही आपण आत आहात. उत्तरात वर्षातील सर्वाधिक शिल्लक, तिची तारीख आणि वर्षअखेरची शिल्लक लिहून हे स्पष्ट म्हणावे. सूट दंडातून आहे, दाखवण्यातून नाही, हे पुढील वर्षांसाठी ध्यानात ठेवावे.

पेन्शनच्या बाबतीत आणखी एक शंका येते: आजन्म ठरावीक रक्कम देणाऱ्या योजनेत आपल्या नावावर काढता येईल असा काही साठा नसतो, मग तक्त्यात दाखवायचे काय? माझ्या मते खाते परदेशी ठेव खात्यांच्या भागात दाखवावे आणि पेन्शन परदेशातील इतर उत्पन्नाच्या भागात दाखवून, ते विवरणपत्रात कोठे धरले आहे याचा निर्देश करावा. कोठेच न दाखवण्यापेक्षा दोन ठिकाणी निर्देश होणे परवडते.

आता व्याज आणि दंड. येथे आपल्या बाजूने एक गोष्ट आहे, जी पुष्कळांच्या नजरेतून सुटते. 60 वर्षे पूर्ण झालेल्या, धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी व्यक्तीला आगाऊ कर भरण्याचे बंधन नाही. आगाऊ कराचेच बंधन नसेल तर तो न भरल्याबद्दलचे कलम 234ब आणि 234क चे व्याजही लागत नाही. आणि विवरणपत्र वेळेत भरले असल्याने उशिराचे व्याजही नाही. तरीही आदेशासोबत येणाऱ्या हिशेबात 234ब चा रकाना भरलेला आला, तर चूक दुरुस्त करण्याचा अर्ज करावा. कर मात्र उत्तर देण्यापूर्वीच ई-पे टॅक्समधून भरून मोकळे व्हावे. 3,27,600 रुपयांची सोय एकदम होत नसेल तर जमेल तेवढी रक्कम भरून उरलेल्याची तारीख लिहावी.

दंडाचे कलम 270अ आहे. उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या 50 टक्के, म्हणजे आपल्या बाबतीत सुमारे 1,63,800 रुपये. आणि वस्तुस्थिती दडवून चुकीचे दाखवल्यास 200 टक्के, म्हणजे सुमारे 6,55,200 रुपये. या दोन आकड्यांमधले अंतर आपल्या उत्तराच्या भाषेवर आणि पूर्णतेवर बरेचसे अवलंबून आहे. प्रामाणिक समजुतीचा खुलासा दिला आणि त्याला लागणारी सारी वस्तुस्थिती उघड केली, तर ती रक्कम ‘कमी दाखवलेले उत्पन्न’ धरली जाऊ नये अशी तरतूद त्याच कलमात आहे, आणि तीच आपली पहिली मागणी असावी. ती मान्य न होता 50 टक्क्यांचा दंड सुरू झाला, तर आदेश ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपल्यापासून एका महिन्यात कर भरून, अपील न करता, फॉर्म 68 मध्ये दंडमाफीचा अर्ज करता येतो. 200 टक्क्यांच्या प्रकारात ही माफी मिळत नाही. म्हणून पहिल्या उत्तरात अर्धे सांगून दुसऱ्या विचारणेत उरलेले सांगणे हे सर्वांत महागात पडते.

आता ब्रिटनची बाजू. तेथील करखात्याचा DT-Individual नावाचा अर्ज आहे. त्यात आपण भारताचे निवासी असल्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि तो म्हणजे भारतीय आयकर अधिकाऱ्याने दिलेला कर-निवास दाखला. त्यासाठी फॉर्म 10एफए मध्ये अर्ज करायचा, तो आपल्या क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे म्हणजे रत्नागिरीच्या कार्यालयात, छाननी करणाऱ्या चेहराविरहित कक्षाकडे नव्हे; दाखला फॉर्म 10एफबी मध्ये मिळतो. तवसाळहून जयगडची फेरीबोट धरून एकदा समक्ष जाऊन यावे, पोस्टाने पाठवलेले अर्ज या कामात रेंगाळतात. अर्ज मान्य झाला, की ब्रिटनचे खाते मागील कापलेला कर परत करते आणि पेन्शन योजनेला ‘एनटी’ हा कर-संकेत कळवते, ज्यानंतर 1,500 पौंड पूर्णच्या पूर्ण खात्यात पडू लागतात.

परताव्याची मुदत तेथील करवर्ष संपल्यापासून 4 वर्षे आहे. 2023-24 साठी ती 5 एप्रिल 2028 पर्यंत चालेल, पण 2021-22 साठी 5 एप्रिल 2026 ला संपते, आणि दाखला मिळायला लागणारे दिवस धरले तर हाताशी फार वेळ नाही. दिवसांच्या मोजणीत 2021-22 ला आपण सामान्य निवासी ठरलात, तर भारतात तो कर भरून तिकडचा परत घेणे सरळ आहे. त्या वर्षी मधला दर्जा निघाला, तर भारतात कर नाही आणि ब्रिटनकडेही परतावा, अशी मागणी होते. ती करण्यापूर्वी करार जाणणाऱ्या सल्लागाराला कागद दाखवावेत.

शेवटी उरलेली वर्षे, जी आपण विचारलेली नाहीत पण अधिकारी विचारील. 2024-25 च्या विवरणपत्रातही पेन्शन राहिले असेल, तर त्याचे सुधारित विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंत आयटीआर-2 मध्ये भरता येते आणि त्यावर जादा कर नाही; हे काम नोटिशीच्या उत्तराआधी झाले तर उत्तरात त्याचा उल्लेखही करता येईल. 2022-23 साठी, आणि गरज निघाल्यास 2021-22 साठी, अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. त्यात कर व व्याज यांच्यावर 2022-23 ला 31 मार्च 2026 पर्यंत 50 टक्के आणि 2021-22 ला त्याच तारखेपर्यंत 60 टक्के अधिक भरावे लागतात. परदेशातून आलेली माहिती त्या त्या वर्षाबद्दल आपल्याला कळवली जाण्यापूर्वीच हा मार्ग खुला असतो. तेव्हा हातातली विचारणा नीट वाचून पाहावी: तिच्यात केवळ 2023-24 चा उल्लेख असेल, तर बाकीची वर्षे याच महिन्यात मार्गी लावावीत.

हे सारे खासगी नोकरीच्या ब्रिटिश पेन्शनपुरते आहे. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीचा नियम याच्या उलट आहे, ती रक्कम करारानुसार केवळ अमेरिकेतच करपात्र असते. ब्रिटिश सरकारी सेवेच्या पेन्शनला वेगळे कलम आहे. आपले ब्रिटनचे सरकारी वृद्धापकाळ पेन्शन 67 व्या वर्षी सुरू होईल, ते मात्र याच कलम 20 खाली येईल. त्यातून तेथे कर कापला जात नाही आणि कपात नसल्याने आठवण करून देणारा दाखलाही हाती पडत नाही, शिवाय भारतात राहणाऱ्यांना त्यात दरवर्षीची वाढ मिळत नाही. त्या पेन्शनची नोंद ते सुरू झाल्याच्या पहिल्याच वर्षी आयटीआर-2 मध्ये करावी.